‘असे कंपनीने सांगितले’ हे शब्द जातात कुठे?

दोन वर्षांपूर्वी एक तरुण वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आला. त्याचा मोठा भाऊ एका कारखान्यातल्या सांडपाण्याच्या टाकीत उतरला आणि गुदमरून गेला. कात्रणातल्या एका ओळीखाली त्याने पेनने रेघ मारली होती : कामगारांना आवश्यक ती सर्व सुरक्षा साधने पुरविण्यात आली होती.

“ताई, पेपरानंच लिहिलंय साधनं होती म्हणून. मग आता आपण काय बोलायचं?”

ती ओळ वाचून मी गप्पच झाले. पेपराने ती लिहिलीच नव्हती. ती मी लिहिली होती.

सामाजिक कामाच्या मानधनावर घर चालत नाही, म्हणून मी एका जनसंपर्क संस्थेसाठी अनुवाद करते. कंपनीचे इंग्रजी प्रसिद्धिपत्रक येते आणि दोन-तीन तासांत मराठी करून द्यायचे असते. या कारखान्याचे पत्रकही तसेच आले होते. मूळ इंग्रजीत सुरक्षा साधनांचे वाक्य अवतरणचिन्हांत होते, व्यवस्थापकाच्या तोंडी. मी त्यात एका शब्दाचीही भर घातली नव्हती. मग ते पेपराचे मत कसे झाले?

मी घरी जाऊन माझा अनुवाद उघडला. व्यवस्थापकाचे निवेदन पाच वाक्यांचे, दोन परिच्छेदांत होते. इंग्रजीत पहिल्या वाक्यानंतरच बोलणाऱ्याचे नाव येत होते. मी मात्र मराठी वळणाप्रमाणे सगळे निवेदन आधी दिले आणि दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी ‘असे कंपनीच्या व्यवस्थापकांनी सांगितले’ असे लिहून मोकळी झाले. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे हे कानाला खटकत नाही. पण वर्तमानपत्रात जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापतात. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर दुसरा परिच्छेद गेला आणि त्याबरोबर ‘असे सांगितले’ही गेले. उरलेल्या परिच्छेदात सुरुवातीचे अवतरणचिन्ह एकटेच राहिले, म्हणून कुणीतरी तेही पुसले असणार. कंपनीचा दावा अशा रीतीने वस्तुस्थिती बनून छापला गेला. खोटे कुणीच लिहिले नव्हते. फक्त बोलणारा गायब झाला होता.

त्या दिवसापासून मी क्रम बदलला. बोलणारा आधी, बोलणे नंतर : ‘कंपनीचे व्यवस्थापक म्हणाले, “…”’ निवेदन लांब असेल तर प्रत्येक परिच्छेदाच्या तोंडाशी ‘ते पुढे म्हणाले’. वाक्य थोडे कमी डौलदार होते, पण शेपूट कापली तरी तोंड शाबूत राहते.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीचे पत्रक आले. पुन्हा टाकी, पुन्हा दोन मृत्यू. त्यातल्या निवेदनाचा अर्थ असा होता की, या घटनेचा आम्हाला तीव्र ‘रिग्रेट’ आहे. मराठीत यासाठी तीन शब्द हाताशी असतात. खेद म्हणजे वाईट वाटणे. दिलगिरी व्यक्त करणे म्हणजे आपल्याकडून काही चुकले, याकडे झुकणे. माफी म्हणजे चूक कबूल. मी रागाच्या भरात लिहिले, ‘आम्ही माफी मागतो’. संस्थेतल्या संपादक बाईंनी ते कापून ‘खेद’ केले. मला झोंबले, पण त्यांचेच बरोबर होते. कंपनीने माफी मागितलेली नव्हती. न मागितलेली माफी मी तिच्या नावावर जमा केली असती, तर वाचकाला वाटले असते, चला, चूक तरी मान्य केली. म्हणजे रागावून मी कंपनीचेच काम केले असते.

पण त्याच बाईंनी खाली ‘घटना’ खोडून ‘दुर्दैवी दुर्घटना’ केले होते. मी फोन केला. “मॅडम, मूळ शब्द ‘इन्सिडेंट’ आहे. म्हणजे घटना. दुर्घटना म्हटलं की दोष कुणाचाच नाही असं आपणच ठरवून टाकतो. पोलिसांचा तपास चालू आहे. माझी माफी ज्या नियमानं कापलीत, त्याच नियमानं ही दुर्घटना कापा.” त्या हसल्या आणि ‘घटना’ परत आले. अनुवादकाच्या हातातले खरे हत्यार हेच आहे : एकच मोजपट्टी, दोन्ही बाजूंना.

पैशाच्या ओळीतही हेच. पत्रकात दोन्ही कुटुंबांना ०.५ मिलियन रुपये ‘एक्स ग्रेशिया’ देणार असे होते. मिलियनचे लाख करताना शून्याची चूक सहज होते, म्हणून आकडा दोनदा तपासला : प्रत्येकी ५ लाख. पण खरी मेख शब्दात होती. घाईत याला ‘नुकसानभरपाई’ लिहितात. भरपाई हा हक्क आहे, एक्स ग्रेशिया ही देणाऱ्याची मर्जी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई सांगितली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख करण्याचे निर्देश दिले. पेपरात ‘५ लाखांची भरपाई दिली’ असे छापून आले, तर गावात लोक म्हणतात, मिळाली की भरपाई. मी ‘सानुग्रह मदत’ लिहिले. शब्द जड आहे, पण ‘मदत’ सगळ्यांना कळते आणि हक्काची जागा मोकळी राहते.

शेवटी मथळा. इंग्रजी मथळ्याचा कर्ता कंपनी होती : कंपनी कुटुंबांच्या पाठीशी, सुरक्षेच्या बांधिलकीचा पुनरुच्चार. त्यात मृत्यूच नव्हते. मराठी डेस्क असा मथळा सहसा ठेवत नाही, कारण त्यात बातमी नसते. मराठी मथळ्यात काय घडले ते आधी, अर्धविराम, मग कोण काय म्हणाले. मी दोन पर्याय दिले. पहिला मूळ मथळ्याला धरून. दुसरा असा : ‘सांडपाण्याच्या टाकीत दोन कामगारांचा मृत्यू; कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाखांची मदत’. सोबत टीप जोडली की पहिला मथळा डेस्कवर बदलला जाईल, मग तो आपल्या हातात राहणार नाही. कंपनीने दुसरा घेतला, पण ‘कंत्राटदाराच्या दोन कामगारांचा’ अशी भर सुचवून. मी कळवले की ही माहिती मूळ मथळ्यात नाही, मजकुरात आहे, तिथे ती जशीच्या तशी ठेवली आहे. मथळ्यात ती आली की जबाबदारी कुणाची, याचे उत्तर बातमी वाचण्याआधीच दिले जाते. २०१३ च्या कायद्याचे कलम ७ तर सांगते की गटार वा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कामाला लावता येत नाही. कंत्राटदार मध्ये घालून कंपनी सुटत नाही. भर मागे घेतली गेली.

दर वेळी असे होत नाही. एकदा माझे न ऐकता ‘दुर्घटना’च छापली गेली. पत्रक कंपनीचे असते, तिचे म्हणणे मांडणे हेच त्याचे काम. त्यात ‘कंपनीचा दावा’ असे मी लिहू शकत नाही. ते पत्रकाराने लिहायचे.

त्या तरुणाला मी खरे सांगितले, की ही ओळ माझ्या हातून गेली आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग आम्ही कंपनीचे मूळ इंग्रजी पत्रक मिळवले आणि पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जाला जोडले. अर्जात त्याने स्वतःच्या हाताने लिहिले : ‘साधने पुरविली होती, असे फक्त कंपनीचे म्हणणे आहे.’

‘फक्त’ हा शब्द त्याचा होता.