उरलेल्या सहा कॅप्सुली

माझ्या दवाखान्यातील मेजाच्या सर्वांत खालच्या खणात अर्धवट वापरलेल्या औषधांच्या पाकिटांचा एक लहानसा ढीग कैक वर्षांपासून साचत आला आहे. रुग्णांनी कधी संकोचाने, कधी कबुलीजबाबासारख्या चेहऱ्याने माझ्यासमोर ठेवलेली ही पाकिटे मी टाकून दिली नाहीत, याचे कारण संग्रहाची हौस नसून, माझ्याच बोलण्यात कोठे काय राहून गेले याचा तो एक प्रकारचा रोजनामा आहे, असे मला वाटते. त्या ढिगातील एका पाकिटाची हकीकत येथे सांगणार आहे.

सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी 23 वर्षांची एक मुलगी ऐन मे महिन्यात माझ्याकडे आली आणि, खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकून, खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, उन्हाळी लागलीय." आपल्याकडे लघवीच्या जळजळीला हा शब्द पूर्वापार रूढ आहे आणि त्यात रोगाच्या कारणाचा एक तर्कही दडलेला आहे : उष्मा बाधला, सबब धने-जिऱ्याचे पाणी प्यावे, सब्जा भिजवून घ्यावा. तिने हे दोन दिवस करून पाहिले होते. परंतु दर अर्ध्या तासाला उठावे लागे, चार थेंबांपलीकडे काही होत नसे आणि ओटीपोटात कळ राही. ताप नव्हता, पाठीत दुखत नव्हते, पाळी वेळेवर आली होती. लघवीच्या साध्या तपासणीत पुवाच्या पेशी भरपूर निघाल्या. अशा पहिल्याच आणि सरळ दुखण्यात जंतूंची लागवड करून पाहण्याची गरज सहसा नसते; म्हणून मी नायट्रोफ्युरँटॉइन या औषधाच्या 100 मिलिग्रॅमच्या दहा कॅप्सुली, सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस, असे लिहून दिले, भरपूर पाणी पी म्हटले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

या दुखण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच जंतू असतो. थिओडोर एशरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेत त्याचा शोध लावला, आणि त्याच्याच नावावरून आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. आपल्या आतड्यात तो निरुपद्रवी रयतेसारखा नांदतो. उपद्रव होतो तो त्याने हद्द ओलांडल्यावर. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरांचा, पुरुषाचा सुमारे वीस. शिवाय गुदद्वार जवळच. तेव्हा तरुण मुलीला हा विकार झाला की तिच्या स्वच्छतेविषयी किंवा वर्तनाविषयी जी कुजबुज घरात सुरू होते, ती बहुधा शरीररचनेच्या अज्ञानातून आलेली असते, हे मी अनेक आयांना स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

मूत्राशयात शिरलेल्या जंतूंची दोन प्रकारची वस्ती असते आणि पुढील सर्व प्रतिपादन या भेदावर उभे आहे. काही जंतू लघवीत मोकळे तरंगतात. काही मात्र आपल्या अंगावरील केसांसारख्या तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट बिलगतात, आणि त्यांतील काही अस्तराच्या पेशींच्या आतही शिरून बसतात, हे गेल्या वीसेक वर्षांत प्रथम उंदरांत आणि नंतर अशा रुग्ण स्त्रियांच्या लघवीत झडून आलेल्या पेशींत दिसून आले आहे. पाणी पहिल्या वस्तीचा बंदोबस्त करते, औषध दोन्ही वस्त्यांशी झगडते. परंतु दुसऱ्या वस्तीशी झगडायला त्याला मुदत लागते.

पाण्याचे काम किती साधे आणि किती प्रभावी आहे, हे एका हिशेबाने ध्यानात येईल. सोयीसाठी असे धरू की तरंगणारे जंतू तासाला दुप्पट होतात. ही मुलगी सकाळी आठला अभ्यासिकेत जाई आणि दुपारी चारला जेवणासाठी खोलीवर येई. मधल्या आठ तासांत ती एकदाही उठत नसे आणि उठावे लागू नये म्हणून पाणीही पीत नसे. आठ तासांत एका जंतूचे 256 होतात. मग मूत्राशयातील 400 मिलिलिटर लघवीपैकी दहा मिलिलिटर मागे राहिली, असे मानले, तर त्यांतले सुमारे सहा जंतू शिल्लक उरतात, म्हणजे एकाचे सहा झाले. आता हीच मुलगी दर दोन तासांनी उठली, तर एकाचे चार होतात, दोनशेपैकी दहा मिलिलिटर मागे उरते आणि त्या चारांचा विसावा हिस्सा, म्हणजे एकाचा जेमतेम पाचवा भाग, शिल्लक राहतो. पहिल्या वहिवाटीत जंतूंची प्रजा वाढत जाते, दुसरीत ती प्रत्येक फेरीला आटते. प्रत्यक्ष शरीर इतके नेटके वागत नाही, हे मान्य. पण दिशा हीच. बल्गेरियात वारंवार हा संसर्ग होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या 140 स्त्रियांवर जो प्रयोग झाला आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी 1.7 वेळा, तर इतरांना 3.2 वेळा हा त्रास झाला.

मात्र बिलगून बसलेल्या आणि पेशीत दडलेल्या जंतूंना पाणी वाहून नेऊ शकत नाही. शिवाय पाण्याने जळजळ शमते ती जंतू मेल्याची खूण नसते. लघवी पातळ झाली की ती सुजलेल्या अस्तराला कमी झोंबते, एवढेच. औषधाच्या दुकानातून सर्रास मिळणारे, लघवीची आम्लता मोडणारे गोड गुलाबी पातळ औषधही असाच दिलासा देते. आणि त्यातली विसंगती अशी की नायट्रोफ्युरँटॉइनचा प्रभाव आम्ल लघवीत अधिक असतो, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. या मुलीला दुकानदाराने तीही बाटली न मागता दिली होती.

ती पुन्हा आली ती बाराव्या दिवशी, रिक्षातून, मैत्रिणीच्या खांद्यावर भार टाकून. हुडहुडी भरून 103 अंश ताप, उजव्या बरगडीखाली मागच्या बाजूस हलक्या हाताने थोपटले तरी कळवळण्याइतकी वेदना, दोनदा उलटी. संसर्ग मूत्राशयातून मूत्रवाहिनीच्या वाटेने मूत्रपिंडापर्यंत चढला होता. तपशील विचारता विचारता कळले की दहापैकी चारच कॅप्सुली तिने घेतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी जळजळ संपली. दरम्यान लघवीचा रंग तपकिरी झालेला पाहून ती भ्याली. आणि खाणावळ बंद झाल्यावर रात्री रिकाम्या पोटी घेतलेल्या कॅप्सुलीने तिला मळमळून आले. तिन्ही कारणांनी एकच निकाल दिला आणि उरलेल्या सहा कॅप्सुली कंपासपेटीत गेल्या. वस्तुतः हे औषध अन्नाबरोबर घ्यावयाचे असते आणि लघवीचा रंग गडद होणे हा त्याचा स्वाभाविक, निरुपद्रवी परिणाम आहे. ही दोन वाक्ये उच्चारायला मला अर्धे मिनिट लागले असते. ती मी उच्चारली नव्हती.

नवव्या दिवशी जळजळ पुन्हा सुरू झाली तेव्हा तिने कंपासपेटी उघडली आणि एक त्या रात्री, एक दुसऱ्या रात्री, अशा दोन कॅप्सुली घेतल्या. या दोन कॅप्सुलींनी जे केले ते मला सहा सोडल्याहूनही अधिक घातक वाटते. हे औषध लघवीत उत्तम साठते, पण मूत्रपिंडाच्या मांसात त्याचे प्रमाण नगण्य असते; त्यामुळे जळजळ थोडी दबली, मुलगी एक दिवस उशिरा आली, आणि आम्ही जंतूंच्या लागवडीसाठी पाठविलेल्या लघवीचा अहवाल 'वाढ नाही' असा आला. पुवाच्या पेशी असंख्य, ताप वाढता, आणि कागद म्हणतो जंतू नाहीत! रक्ताची लागवड सोबत पाठविली होती म्हणून निभावले, तिच्यात ई. कोलाय उगवला आणि कोणत्या औषधांना तो दाद देतो याची यादी हाती आली. सोनोग्राफीत खडा वा अडथळा नव्हता. शिरेतून अमिकासिन सुरू होते, तेच त्या यादीप्रमाणे पुढे चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

चार कॅप्सुलींवर थांबल्यामुळेच हे घडले, असा दाखला एकट्या रुग्णावरून कोणी वैद्य प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही. 'औषध अर्धवट सोडले की जंतू निगरगट्ट होतात' हे आम्ही डॉक्टर लोक ज्या ठामपणे सांगत आलो, त्या ठामपणावर 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि त्यात तथ्य आहे. गरजेपेक्षा लांबलेले प्रतिजैविकही आतड्यातील निरपराध जंतूंना प्रतिकार शिकवीत असते. परंतु तो आक्षेप होता विनाकारण लांबविलेल्या मुदतींना. या विकाराची मुदत आधीच कापून कापून आणलेली आहे : पूर्वी सात ते दहा दिवस औषध चाले, ते आता नायट्रोफ्युरँटॉइनचे पाच, काही औषधांचे तीन, आणि फॉस्फोमायसिनची तर 3 ग्रॅमची पूड एकदाच पाण्यात विरघळवून प्यावयाची. ज्या औषधाची जी मुदत प्रयोगांनी ठरली तिच्यात आणखी कपात करायला फारशी जागा उरलेली नाही. आणि दुखण्याची तक्रार मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच रजा घेते, म्हणून तिच्या हजेरीवरून मुदत ठरविता येत नाही. अर्थात पुरळ उठले, दम लागला, उलट्या थांबेनात, तर औषध थांबवून आम्हाला गाठावे. तेथे मुदतीचा आग्रह नाही. आणि औषध घेऊनही दोन दिवसांत उतार नसेल, किंवा हुडहुडी वा पाठीत कळ आली, तर पाणी वाढवीत घरी बसण्यात अर्थ नाही.

पाण्याचाही अतिरेक नको. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर, लघवी गवताच्या काडीइतकी फिकट राहावी आणि जागेपणी तीन तासांहून अधिक तुंबवू नये, एवढे पुरते. तांब्यावर तांबे रिचवून औषधच पातळ करण्यात काही हशील नाही. धने-जिऱ्याचे पाणी चालते, कारण त्यात पाणी आहे.

पंधरा दिवसांनी ती तपासणीला आली तेव्हा तिने कंपासपेटीतून ते पाकीट काढून माझ्यासमोर ठेवले. सहा खळगे फुटलेले, चार अजून फुगीर. मी विचारले, "अभ्यासिकेत दिवसभर पाणी का पीत नव्हतीस?" ती म्हणाली, "चाळीस मुलींत एकच संडास, डॉक्टर, आणि त्यालाही आतून कडी नाही." मग थोडे थांबून, "आता जागा बदललीय. महिन्याला दोनशे जास्त पडतात. पण कडी आहे, आणि नळाला पाणी असतं."

पाकीट मी खणात टाकले.