जिना, पूर आणि दोन मीटर वीस

3 फेब्रुवारी

गावभागातल्या घराचं मॉडेल आज Revit मध्ये सुरू केलं. जुनं घर पाडून नवं बांधायचं आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा या घराचा खालचा मजला पाण्यात होता. म्हणून आता तळाला भिंतींऐवजी खांब, तिथे गाड्या, आणि राहणं पहिल्या मजल्यापासून वर. सांगलीत नदीच्या बाजूला बरीच नवी घरं अशीच उभी राहताहेत.

ज्यांचं घर आहे त्या काकूंनी खोल्यांबद्दल फार काही सांगितलं नाही. त्या जिन्याबद्दल बोलल्या. "मॅडम, त्या वर्षी गव्हाची पोती आणि लोखंडी कपाट आम्ही रात्री वर चढवलं. कपाट वळणावर अडकलं. पोतं डोक्यावर घेतलेल्या माणसाला वाकून चढावं लागत होतं." मला जिन्याचं माप इथेच मिळालं. या घरात जिना म्हणजे पाणी चढायला लागल्यावर घर वर नेण्याची वाट आहे.

दुसरी अट जागेची. मागच्या बोळाकडे जाणारं दार जिन्याच्या मधल्या लँडिंगखालूनच काढावं लागतंय. प्लॉट अरुंद, बाजूला जागा नाही.

5 फेब्रुवारी

जमिनीच्या फरशीपासून पहिल्या मजल्याच्या फरशीपर्यंत 3.30 मीटर, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत 3.00. पाय ठेवतो तो ट्रेड 270 मिमी घेतला. राष्ट्रीय इमारत संहिता निवासी जिन्याला किमान 250 मागते. पण किमान माप हे पोतं उचललेल्या माणसासाठी ठरवलेलं नसतं. उतरताना टाच मागच्या रायझरला घासू नये, म्हणून वीस मिमी जास्त.

उंचीचा भागाकार मात्र पूर्णांकातच सुटायला हवा. 3300 मिमीला 20 रायझर केले की प्रत्येक 165चा होतो. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून 600 मिमी. फ्रान्सच्या ब्लाँदेलने 1675मध्ये हाच हिशेब मांडला होता, दोन चढ आणि एक पट्टी मिळून माणसाचं एक पाऊल. वरच्या मजल्याला 18 रायझर, प्रत्येकी साधारण 167. दोन मजल्यांच्या जिन्यांत दोन मिमीचा फरक पायाला कळत नाही. एकाच ओळीतल्या दोन पायऱ्यांमध्ये वीस मिमीचा फरक पडला तर माणूस धडपडतो.

Revit मध्ये Base Level आणि Top Level दिले, Desired Number of Risers मध्ये 20 लिहिलं. Actual Riser Height 165 आला. सॉफ्टवेअर इथपर्यंत चोख. पण डोक्यावर किती जागा उरली हे ते आपणहून सांगत नाही.

6 फेब्रुवारी

आजचा अख्खा दिवस लँडिंगवर गेला.

संहितेप्रमाणे लँडिंगखालून किंवा जिन्याखालून जाण्याची वाट असेल, तर मोकळी उंची किमान 2.2 मीटर हवी. सव्वासात फुटांच्या किंचित आत. नेहमीसारखा निम्मा-निम्मा जिना केला, दहा आणि दहा, तर लँडिंग 1.65 मीटरवर येतं. त्याच्या खालून रांगतच जावं लागेल. काही ठिकाणी खालची वाट दोन पायऱ्या खोल करून प्रश्न सोडवतात. इथे ते करायचं नाही. खोलगट जागेत पूर ओसरल्यावरही पाणी आणि गाळ साचून राहतो, आणि बाहेर पडायचं दार नेमकं तिथे आहे.

म्हणून लँडिंगच वर न्यायचं. त्याची एकूण जाडी 200 मिमी धरली: 150चा स्लॅब, वर 40ची फरशी, खाली 10चं प्लास्टर. चौदा रायझरवर लँडिंग 2.31 मीटरला येतं, खाली 2.11 उरतात. कमी. पंधरा रायझरवर 2.475, खाली 2.275. हे चालतं. एका ओळीत पंधरा रायझर, 2005च्या संहितेत एवढीच मर्यादा होती. वरच्या ओळीत उरले पाच.

जिन्याची लांबी यामुळे वाढली. चौदा ट्रेडचे 3.78 मीटर आणि लँडिंगचे 1.10. काकूंच्या हॉलमधून तेवढी जागा गेली. प्लॅन दाखवला तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही.

लँडिंग 1.10 का, तर कपाटासाठी. लोखंडी कपाट साधारण 0.90 बाय 0.48 मीटर. उभं धरून वळवताना त्याचा कर्ण आडवा येतो, तो 1.02 मीटर. जिन्याच्या दोन्ही ओळीही 1.10 रुंद ठेवल्या. कठडा लँडिंगच्या आत न बसवता कडेला बाहेरून बसवायचा, नाहीतर हे आठ सेंटीमीटर त्याच्या पाइपातच जातात.

9 फेब्रुवारी

लँडिंगखालचा प्रश्न मिटला, पण तोच आता वर गेला आहे. खालचं लँडिंग उचललं की त्याच्या डोक्यावरचं लँडिंग जवळ येतं. वरच्या मजल्याचा जिना मी नऊ-नऊ ठेवला होता, म्हणजे ते लँडिंग पहिल्या मजल्यापासून 1.50 वर. जमिनीपासून 4.80. त्यातून 200 मिमीची जाडी आणि खालच्या लँडिंगचे 2.475 वजा केले, तर उरले 2.125 मीटर. कमी.

खरी अडचण मात्र त्याहून पुढे होती, आणि ती प्लॅनमध्ये दिसत नाही. जिन्याच्या लांबीतून उभा सेक्शन काढला. खालची पंधरा रायझरची ओळ लांब आहे. तिच्या डोक्यावर वरची नऊ रायझरची ओळ लवकर संपते, आणि जिथे ती सुरू होते तिथे स्ट्रक्चरवाल्या इंजिनिअर साहेबांच्या आराखड्यात पहिल्या मजल्याचा बीम आहे. तो लँडिंगच्या कडेपासून 2.16 मीटरवर येतो. तिथे खालच्या जिन्याची पायरी 1.155 मीटर उंचीवर पोचलेली असते. बीमचा तळ प्लास्टर धरून 2.86वर. उरले 1.705 मीटर. साध्या उंचीचा माणूसही तिथे कपाळ आपटेल, डोक्यावर पोतं असेल तर प्रश्नच नाही.

मोजणी नेहमी पायरीच्या पुढच्या कडेपासून ओळंब्यात करायची. उतारावर काटकोनात टेप धरला तर आकडा वेगळा येतो, आणि चुकीचं समाधान मिळतं.

10 फेब्रुवारी

साहेबांकडे जाऊन बसले. त्यांनी सेक्शन नीट पाहिला आणि विचारलं, "बीम इथे ठेवलाच पाहिजे असं कुठे आहे?" तो बीम जिन्याच्या वेस्ट स्लॅबला टेकू म्हणून होता. वेस्ट स्लॅब आणि मजल्याचा तुकडा एकच दुमडलेला स्लॅब म्हणून धरला, तर बीम पुढे, खालच्या पहिल्या पायरीच्या वर नेता येतो. तिथे पाय जमिनीवरच असतो, त्यामुळे 2.86 पुरेसे आहेत. स्लॅब लांब झाला म्हणून सळई वाढेल. ती त्यांनी मोजून द्यायची.

आता तिथे बीम नाही, फक्त स्लॅब, त्याचा तळ 3.09वर. वरची ओळ दहा-आठ करून पाहिली. वरची सुरुवात एका ट्रेडने पुढे सरकते, आणि तिच्याखाली खालच्या जिन्याची 0.99 उंचीची पायरी येते. उरतात 2.10. अजून एक पायरी हवी. अकरा-सात केलं तर सुरुवात 2.70 मीटरवर जाते, खालची पायरी 0.825वर, आणि मोकळी उंची 2.265. वरचं लँडिंग 1.833 झालं, म्हणून खालच्या लँडिंगवरही 2.458 मिळाले.

दोन पायऱ्यांनी दोन्ही ठिकाणं सुटली. कागदावर पंधरा-पाच आणि अकरा-सात असा जिना ओबडधोबड वाटतो, साहेबांनाही आधी वाटला. पण सेक्शनमध्ये त्याची प्रत्येक विषमता कशासाठी आहे ते दिसतं, आणि मला तो निम्म्या-निम्म्या जिन्याहून आवडतो.

12 फेब्रुवारी

मोजून खात्री झाली असली, तरी मॉडेलकडूनही करून घेतली. ट्रेडच्या रुंदीएवढा, 2.2 मीटर उंचीचा एक पारदर्शक घन जिन्याच्या प्रत्येक पायरीवर उभा केला, लँडिंगवर आणि लँडिंगखालच्या वाटेवरही. मग Interference Check चालवला: हे घन एका बाजूला, स्लॅब, बीम आणि जिने दुसऱ्या बाजूला. पायरीवर उभ्या घनाला तिचीच पायरी लागून असते, तेवढं सोडून द्यायचं. बाकी काही धडकलं नाही. बीम परत जुन्या जागी ठेवून चालवला, तेव्हा लगेच यादी आली. तपासणी खरंच काम करते की नाही, हे पाहायला असं मुद्दाम बिघडवून बघायला हवं.

18 फेब्रुवारी

साइटवर मिस्त्रींसोबत बसले. मॉडेलमधली प्रत्येक उंची फरशीच्या माथ्याची आहे, आणि सेंट्रिंग काँक्रीटचं होणार. दोन्हींमधला फरक मिस्त्रींच्या हातात असतो.

तळाला फरशी आणि खडीमसाला मिळून 60 मिमी येणार, पायऱ्यांवर 40, पहिल्या मजल्यावर 50. काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या 165च्या भरल्या आणि नंतर फरशी बसवली, तर पहिली पायरी 145ची होते आणि शेवटची 185ची. मधल्या सगळ्या 165. पायाने मधल्या पायऱ्यांवर ताल धरलेला असतो, शेवटची वीस मिमी उंच निघाली की अंगठा अडतो. हातात कपाट असताना तर पायाखालचं दिसतच नाही.

म्हणून काँक्रीटचे रायझर वेगवेगळे दिले: पहिला 185, मग सगळे 165, विसावा 155. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, असं दिलं तर सेंट्रिंगवाला मला विचारील, की माप चुकलंय का." मी त्यांना कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या, एक काँक्रीटची, एक फरशीची. पाहिल्यावर त्यांनीच उपाय सांगितला. भिंतीवर सेंट्रिंगच्या आधीच फरशीच्या माथ्याच्या खुणा रंगाने मारून ठेवायच्या, लेव्हल ट्यूबने, एकाच मूळ खुणेवरून. एका पायरीवरून दुसरी मोजत गेलं की प्रत्येक वेळी दोन-तीन मिमी चुकत जातात आणि ती चूक वीस पायऱ्यांवर साठते.

खुणेजवळ पायरीचा नंबर लिहायचा, शून्यापासून वीसपर्यंत. पंधरावी म्हणजे लँडिंग.

21 फेब्रुवारी

ग्रॅनाइटवाल्याने आज कळवलं की 18 मिमीची फरशी संपली आहे, 20 ची चालेल का. दोन मिमीसाठी मसाल्याची जाडी कमी करायची, पायरीची एकूण 40 बदलायची नाही. मिस्त्रींना फोनवर सांगितलं, आणि भिंतीवर सगळ्या खुणा मारून झाल्या का, ते विचारून घेतलं. झाल्या आहेत.

पहिल्या पायरीचं सेंट्रिंग उद्या.