टीव्हीची भाषा, सिनेमाची भाषा

१.
चाकण, तळेगाव चौक. टीव्हीच्या दुकानात भिंतभर पडद्यांवर एकच हिंदी ट्रेलर. दुकानदार मारवाडी, गिऱ्हाईक ओडिशाचं, टीव्ही पोचवणारा पोरगा जुन्नरचा. भाव मराठीत ठरला.

२.
"जरा टीव्ही मराठीत करून द्या ना." शेजारच्या काकूंनी असं म्हटलं की आधी विचारावं लागतं, नेमकं काय मराठीत हवंय? मेनूची अक्षरं, समोर मांडलेले सिनेमे, की कानावर येणारे संवाद? या तिन्ही गोष्टींची बटणं वेगळी आहेत. मेनूची अक्षरं Display Language ठरवतं. कुठल्या भाषेतले सिनेमे पुढे आणायचे हे आवडत्या भाषांची यादी ठरवते. संवादांची भाषा सिनेमा सुरू केल्यावर Audio मधून निवडायची. एक बदललं म्हणजे बाकीची दोन बदलतातच असं नाही. काकूंनी मेनू हिंदी करून घेतला होता आणि मराठी सिनेमे का येत नाहीत म्हणून वाट बघत होत्या.

३.
नेटफ्लिक्सवर आवडत्या भाषा निवडायच्या तर रिमोट बाजूला ठेवावा आणि फोनचा किंवा कॉम्प्युटरचा ब्राउझर उघडावा. Account, त्यात आपलं प्रोफाइल, त्यात Languages. तिथे Shows & Movies Languages अशी लांबलचक यादी येते. मराठीवर खूण करायची, घरात चालणाऱ्या बाकी भाषांवरही करायची, आणि खाली Save दाबायचं. हे Save बऱ्याच जणांचं राहून जातं, कारण यादी मोठी असते आणि बटण तळाला.

मग टीव्हीवर यायचं. लगेच काही दिसत नाही. दुसऱ्या कुणाच्या प्रोफाइलमध्ये शिरून परत आपल्यात यायचं, म्हणजे पान ताजं होतं. तरीही पहिल्याच रांगेत मराठी सिनेमे येतील असं धरून चालू नये. ही खूण म्हणजे सूचना असते. आजवर काय पाहिलं, याचं वजन त्या सूचनेपेक्षा जास्त पडतं. खूण केल्यावर दोन-तीन मराठी सिनेमे शेवटपर्यंत पाहावेत, मग रांगा हलायला लागतात.

४.
नेटफ्लिक्सचा मेनू ऑगस्ट २०२० पासून हिंदीत करता येतो. मेनूच्या भाषांत मराठी नाही. सिनेमांच्या भाषांत आहे.

५.
भोसरी एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. नवे सिनेमे शुक्रवारी येतात.

६.
खराबवाडीतली एक खोली. चौघं राहतात, सगळे एकाच कंपनीत, पाळ्या वेगवेगळ्या. टीव्ही वर्गणी काढून घेतलेला. त्यातला विजापूरकडचा मुलगा नेटफ्लिक्सवर 'कांतारा' लावून बसला होता आणि पडद्यावरची माणसं हिंदी बोलत होती. त्याने Audio उघडलं, तिथे कन्नड नाही. प्रोफाइलमध्ये कन्नडवर खूण होती. टीव्हीची स्वतःची भाषासुद्धा त्याने बदलून पाहिली होती. मेनू कन्नड झाला, सिनेमा हिंदीच राहिला.

सेटिंगमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं. 'कांतारा' ३० सप्टेंबर २०२२ ला थिएटरात आला तो कन्नडमध्ये. टीव्हीसाठी त्याचे हक्क विकले गेले ते भाषेनुसार. कन्नड, तेलुगू, तमीळ आणि मल्याळम २४ नोव्हेंबरला प्राइम व्हिडिओवर आले. हिंदी ९ डिसेंबरला नेटफ्लिक्सवर. एकच सिनेमा, दोन दुकानं. नेटफ्लिक्सकडे जी भाषा विकतच घेतलेली नाही, ती तिथल्या कुठल्याही बटणाने येणार नाही.

'आरआरआर'चंही त्याच वर्षी असंच झालं होतं. हिंदी नेटफ्लिक्सवर, तेलुगू आणि दक्षिणेतल्या बाकीच्या भाषा झी५ वर. म्हणजे मुळात तेलुगूत बोललेला सिनेमा शोधणाऱ्याला नेटफ्लिक्सवर तो सापडत होता, फक्त तेलुगू सापडत नव्हती.

त्याच खोलीतल्या एकाच्या फोनवर प्राइम होतं. ते टीव्हीवर उघडलं. पहिल्या संवादाला विजापूरकर उठून बसला. ही किनाऱ्याकडची कन्नड, आमच्याकडची नाही, असं बाकीच्या तिघांना समजावून सांगत राहिला. ते सबटायटल वाचत बघत होते.

७.
यावरून एक तपासणी बसवून घेतली आहे. सेटिंगला हात लावण्याआधी सिनेमाच्या पानावर जायचं आणि भाषांची यादी वाचायची.

हवी ती भाषा यादीत आहे, तरी दुसरीच ऐकू येते: सिनेमा चालू असताना Audio मधून बदला. अॅप बहुधा ती निवड पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतं.

भाषा यादीत नाही: हक्कांचा मामला. दुसऱ्या अॅपवर शोधा.

सिनेमाच सापडत नाही: स्पेलिंग, किंवा तो त्या अॅपवर नाही.

आणखी एक खाच आहे. प्राइमवर काही सिनेमांच्या सगळ्या भाषा एकाच पानावर असतात, काहींच्या प्रत्येक भाषेचं पोस्टर वेगळं असतं आणि नावापुढे कंसात भाषा. अशा वेळी हिंदीचं पोस्टर उघडून कन्नड शोधत बसलं तर ती मिळत नाही. मागे येऊन शेजारचं पोस्टर उघडायचं.

८.
नेटफ्लिक्स पूर्वी टीव्हीवर संवादांच्या मोजक्याच भाषा दाखवायचं, तुमचं ठिकाण आणि सवय बघून निवडलेल्या. एप्रिल २०२५ पासून सिनेमाला जेवढ्या भाषा आहेत तेवढ्या टीव्हीवरही दिसू लागल्या. कासारवाडीत राहून कोरियन मालिका कोरियनमध्येच ऐकणाऱ्या कॉलेजच्या मुलींना याचं मोल ठाऊक आहे. मराठीसाठी ते लवकर उमगत नाही, कारण मराठी डबिंगच कमी.

९.
मराठी सिनेमा शोधताना सगळ्यात मोठी अडचण इंग्रजी अक्षरांची. 'श्वास' Shwaas की Shwas? 'देऊळ' Deool की Deul? 'झिम्मा' Jhimma की Zimma? 'वाळवी'त a किती? नाव नोंदवणाऱ्याने जे लिहिलं तेच खरं, आणि रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर वेचताना चूक महागात पडते.

दोन उपाय लागू पडतात. एक, चारच अक्षरं टाइप करून थांबायचं आणि खाली काय येतं ते बघायचं. पूर्ण नाव चुकीचं टाइप करण्यापेक्षा अर्धं नाव बरोबर असलेलं बरं. दुसरा उपाय, नटाचं किंवा दिग्दर्शकाचं नाव टाकायचं. 'देऊळ' न सापडल्यास Girish Kulkarni. नट-नट्यांच्या नावांचं स्पेलिंग बहुधा ठरलेलं असतं, सिनेमाच्या नावाचं नसतं.

माइक दाबून बोलायचा उपायही आहे, पण माइक कुठल्या भाषेत ऐकतोय ते आधी बघावं. हिंदीवर ठेवलेल्या माइकला 'ळ' म्हणून दाखवा.

१०.
निगडी प्राधिकरणातले एक निवृत्त गृहस्थ. 'द डिसायपल' बघायचा होता. शास्त्रीय संगीतावरचा, चैतन्य ताम्हाणेंचा, व्हेनिसला २०२० मध्ये पटकथेचं पारितोषिक मिळालेला, एप्रिल २०२१ पासून नेटफ्लिक्सवर. मराठीच्या रांगेत शोधत होते. नाव इंग्रजी म्हणून इंग्रजी सिनेमा समजून पुढे गेले. पोस्टरवर भाषा लिहिलेली नसते. ती लिहायला हवी, अगदी कोपऱ्यात दोन अक्षरांत का होईना.

कॉम्प्युटरवर नेटफ्लिक्स उघडलं की वर Browse by Languages आहे. तिथे Original Language निवडून पुढे Marathi केलं की मूळ मराठीतले सिनेमे एका पानावर येतात. तिथून My List मध्ये टाकले की टीव्हीवर त्यांची रांग तयार. शोधायचं कॉम्प्युटरवर, बघायचं टीव्हीवर. निगडीच्या गृहस्थांनी नातवाला बसवून एका संध्याकाळी ही यादी करून घेतली.

११.
झी५ च्या सेटिंगमध्ये मेनूची भाषा आणि आशयाची भाषा अशा दोन वेगळ्या ओळी आहेत, आणि मेनू मराठीत होतो. ज्या अॅपमागे मराठी वाहिनी उभी आहे, तिथे मराठीवर खूण केली की आधी मालिका येतात. सिनेमे खाली असतात. Movies मध्ये जाऊन मग भाषा निवडली तर ही उतरण वाचते.

१२.
एका टीव्हीला चार माणसं आणि प्रोफाइल एकच. एकाचे भोजपुरी सिनेमे, एकाचे मल्याळम थरारपट, एकाचं कार्टून, कारण गावाकडून मुलगा आलेला. अॅपला वाटतं हा एकच माणूस आहे. त्याच्यापुढे ते मग हिंदी ठेवतं, सगळ्यांना चालेल असं.

नेटफ्लिक्सच्या एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात, प्राइमवर सहा. प्रत्येकाच्या भाषा वेगळ्या ठेवता येतात. प्रोफाइलला माणसाऐवजी भाषेचं नाव दिलेलं एक घर चिखलीत पाहिलं: मराठी, तेलुगू, मुलं. भाडेकरू बदलले तरी प्रोफाइल तीच.

आधीच गोंधळ झाला असेल तर ब्राउझरवर Account मधून Viewing activity उघडून नको ते सिनेमे लपवता येतात. टीव्हीवर फरक दिसायला एखादा दिवस लागू शकतो.

१३.
तिसऱ्या पाळीहून आलेला माणूस सकाळी आठला सिनेमा लावतो, आवाज बारीक ठेवतो, सबटायटल लावतो. दुसरे झोपलेले असतात. त्याला संवादांच्या भाषेपेक्षा सबटायटलची भाषा महत्त्वाची. मराठी सिनेमांना इंग्रजी सबटायटल सहसा मिळतात, मराठी फार क्वचित.

१४.
सेटिंग बरोबर, भाषा बरोबर, सिनेमा आहे, तरी टीव्हीवर चालत नाही. फोनवर चालतो. अशा वेळी प्लॅन बघा. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन डिसेंबर २०२१ मध्ये १९९ वरून १४९ रुपयांवर आला. तो फोन आणि टॅबलेटपुरताच, टीव्हीला नाही. फोनच्या रिचार्जसोबत मिळणारी कित्येक सदस्यत्वंही अशीच फोनपुरती असतात. भाषेच्या सेटिंगमध्ये तासभर घालवण्याआधी हे विचारून घ्यावं.

१५.
बंगाली माणसाने hoichoi घेतलं, तेलुगू माणसाने aha. पहिलं २०१७ चं, दुसरं २०२० चं. सुरुवातीला तिथे आवडती भाषा निवडावी लागत नव्हती, अॅप निवडलं की भाषा निवडली गेली. मराठीसाठी प्लॅनेट मराठी २०२१ मध्ये आलं, अल्ट्रा झकास त्यानंतर. मोशीत एका घरी टीव्हीवर ही दोन्ही, शिवाय नेटफ्लिक्स आणि झी५. 'मराठी सिनेमा लावा' असं म्हणून आजी बसतात, आणि कुठल्या अॅपवर, हे सून विचारते.

आजींसाठी तिने एक कागद रिमोटच्या मागे चिकटवला आहे. सिनेमाचं नाव, पुढे अॅपचं नाव. सिनेमा त्या अॅपवरून गेला की ओळ खोडते.