मामांचा मॅक्रो

आम्हा आयटीवाल्यांना एक खोड असते. समोरच्याने एखादा शब्द चुकीचा वापरला की त्याला काय हवंय ते ऐकायच्या आधी आमचा हात शब्द दुरुस्त करायला जातो. "त्याला मॅक्रो नाही म्हणत, फॉर्म्युला म्हणतात." वाक्य बरोबरच असतं, पण त्याने समोरच्याचं काम काही होत नाही. आज ज्या माणसाबद्दल लिहितोय त्याने शब्द चुकीचा वापरला, तरी त्याला हवं ते मिळालं. कसं मिळालं ते सांगण्यासारखं आहे.

हा माणूस म्हणजे माझे मामा. राहणार आणे, तालुका जुन्नर. आणे म्हटलं की पुष्कळांना रंगदासस्वामींच्या यात्रेतली आमटी-भाकरी आठवते. ज्यांना तीही माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्याणहून नगरला (आता अहिल्यानगर) जाताना आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकलं की आण्याचा घाट लागतो. तो चढून वर आलं की पठारावर हे गाव. पुणे जिल्हा इथेच संपत येतो, पुढे पारनेर तालुका. पाऊस बेताचा, त्यामुळे विहिरीत किती पाणी आहे ते बघून कांदा किती लावायचा ते ठरतं. निघालेला कांदा घाट उतरून आळेफाट्याच्या बाजारात जातो.

एकट्याचा माल थोडा असला तर गाडी परवडत नाही. म्हणून भावकीतली चार-पाच घरं मिळून एक गाडी करतात. हिशेब मामांकडे. कोणाच्या किती गोण्या, वजन किती भरलं, दहा किलोला भाव काय लागला, सगळं त्यांच्या वहीत. मागे एका हंगामात एका घराची गोल्टी (म्हणजे बारका कांदा, त्याचा भाव वेगळा लागतो) बेरजेतून राहून गेली. पैसे नंतर दिले, पण दोन घरांत महिनाभर अबोला होता. तेव्हा मामांनी ठरवलं की हिशेब कॉम्प्युटरवर घ्यायचा. एमएस-सीआयटी झालेली, घरात मुलीचा लॅपटॉप. आणि मला फोन.

"अरे, मला तेवढा एक मॅक्रो करून दे. नाव टाकलं की त्याची सगळी रक्कम आली पाहिजे."

आता मॅक्रो म्हणजे काय? एक्सेलमध्ये आपण सांगू तेव्हा ठरलेली कामं ओळीने करणारा छोटा प्रोग्रॅम. फॉर्म्युला म्हणजे चौकटीत = ने सुरू होणारं गणित. ते आपणहून चालू असतं. त्यातला आकडा बदलला की उत्तर बदलतं. मॅक्रो काहीतरी *करतो*, फॉर्म्युला काहीतरी *असतो*. मामांच्या डोक्यातली विभागणी वेगळी होती: हाताने भरतो ती एंट्री, आपोआप येतं तो मॅक्रो.

आणि गंमत म्हणजे ही विभागणी अगदीच बिनबुडाची नाही. १९९२ च्या एक्सेल ४ मध्ये मॅक्रो चक्क चौकटींमध्येच लिहीत. वेगळी मॅक्रो शीट असायची आणि तिच्यातली प्रत्येक ओळ = ने सुरू व्हायची, फॉर्म्युल्यासारखीच. कामं करून देणारे ते कमांड मॅक्रो आणि उत्तर काढून देणारे ते फंक्शन मॅक्रो. व्हीबीए नावाची स्वतंत्र भाषा १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये आली आणि दोघांची घरं वेगळी झाली. म्हणजे मामांचा शब्द चुकीचा खरा, पण एके काळी हे दोघे एकाच घरात राहत होते.

असो. शब्दावर न अडता मी म्हटलं, "मामा, वहीचं एक पान फोटो काढून पाठवा." त्यांनी पाठवलं. वर आकडे होते आणि खाली पेन्सिलीने, काय उत्तर यायला पाहिजे ते. सोबत एक वाक्य: "एखादा आकडा बदलला तर उत्तर बदललं पाहिजे, मी काही दाबणार नाही."

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि विषय संपला. *मी काही दाबणार नाही* म्हणजे फॉर्म्युला. शब्द मॅक्रो, वर्णन फॉर्म्युल्याचं. अशा वेळी वर्णन खरं मानायचं, कारण शब्द कुठूनतरी ऐकलेला असतो आणि वर्णन स्वतःच्या गरजेतून आलेलं असतं.

आकडे सोयीसाठी गोल करून देतो. बी कॉलममध्ये नाव, सीमध्ये गोण्या, डीमध्ये किलो, ईमध्ये दहा किलोचा भाव, एफमध्ये रक्कम. पहिली ओळ तात्यांची: २२ गोण्या, १,१०० किलो, भाव १८०, रक्कम १९,८००. दुसरी आक्कांची: १४ गोण्या, ७०० किलो, भाव १५०, रक्कम १०,५००. तिसरी पुन्हा तात्यांची, गोल्टीची: ६ गोण्या, ३०० किलो, भाव ९०, रक्कम २,७००. एकूण ३३,०००. बाजूला एचमध्ये प्रत्येकाचं नाव एकदाच लिहायचं आणि त्याच्यापुढे:

```
F2:  =D2*E2/10
I2:  =SUMIF(B:B,H2,F:F)
J2:  =SUMIF(B:B,H2,C:C)*50
```

दुसऱ्या ओळीचा अर्थ: बी कॉलममध्ये खाली जात राहा, जिथे एच-दोनमधलं नाव सापडेल तिथली एफमधली रक्कम उचल, सगळ्यांची बेरीज कर. तात्यांचे २२,५०० आले, आक्कांचे १०,५००. तिसरी ओळ गाडीभाड्याची. भाडं २,१००, गोण्या ४२, म्हणजे गोणीला ५० रुपये. तात्यांच्या २८ गोण्यांचे १,४००, आक्कांच्या १४ गोण्यांचे ७००. हातात तात्यांना २१,१०० आणि आक्कांना ९,८००. (हमाली-तोलाईचा कॉलम वेगळा आहे, तो इथे सोडून देतो.)

आता मामांचा शब्द शब्दशः घेतला असता तर? तोही करता आला असता:

```
Sub Berij()
  Range("I2").Value = Application.SumIf( _
    Range("B:B"), Range("H2"), Range("F:F"))
End Sub
```

उत्तर तेच, २२,५००. पण ते चौकटीत नुसता आकडा म्हणून बसतं. उद्या गोल्टीचा भाव ९० चा ९५ केला तर एफमध्ये रक्कम बदलेल, आयमधले २२,५०० मात्र जागचे हलणार नाहीत. बटण दाबायचं लक्षात आलं तर ठीक, नाहीतर जुना आकडा नव्याच्या थाटात बसून राहतो. शिवाय फाइल .xlsm म्हणून ठेवायला लागते, नेहमीच्या .xlsx मध्ये ठेवली तर कोड गळून पडतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवून ठेवलेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत. मामा बाजारात उभे राहून फाइल मोबाइलवरच उघडणार! फॉर्म्युला तिथे मुकाट चालतो.

फॉर्म्युल्याला खोट नाही असं नाही. SUMIF नावं अक्षर न् अक्षर जुळवून बघतो. एका ओळीत "तात्या" आणि दुसरीत "तात्या" लिहून पुढे चुकून एक स्पेस, तर त्याच्या लेखी ही दोन माणसं. तसंच "आक्का" आणि "अक्का". तात्यांची गोल्टीची ओळ अशी निसटली तर त्यांचे १९,८०० च दिसतील आणि कुठेही लाल अक्षरात एरर येणार नाही. म्हणजे ज्या गोल्टीवरून अबोला झाला ती आता कॉम्प्युटरकडूनही राहून जायची.

यावर दोन गोष्टी केल्या. नाव टाइप करायचं नाही, यादीतून निवडायचं. त्यासाठी एक्सेलमध्ये डेटा व्हॅलिडेशन आहे. आणि तळाला एक पडताळ्याची चौकट:

```
=SUM(F:F)-SUM(I:I)
```

इथे शून्य आलं तर प्रत्येक रुपया कोणाच्या तरी नावावर लागलाय. २,७०० आले तर तेवढ्या रकमेची ओळ शोधायची, नाव तिथेच बिघडलंय. मामांना अख्ख्या शीटमध्ये ही चौकट सगळ्यात जास्त आवडली.

आठवड्याने पुन्हा फोन. आता मामा शब्द शिकले होते. "तसाच एक फॉर्म्युला दे, नाव टाकलं की आजची तारीख यावी आणि तिथेच राहावी."

शब्द नवा, आणि या खेपेला उलटा चुकलेला. फॉर्म्युल्याने आजची तारीख येते:

```
=IF(B2<>"",TODAY(),"")
```

पण TODAY रोज नव्याने विचार करतो. उद्या फाइल उघडली की सगळ्या जुन्या ओळींवर उद्याची तारीख, मागच्या महिन्यातला लिलावसुद्धा आजचाच! "तिथेच राहावी" हे फॉर्म्युल्याच्या स्वभावात नाही. एकदा काहीतरी करून मग हात काढून घेणं हे मॅक्रोचं काम. पुन्हा वर्णनानेच सांगितलं. मॅक्रो मोबाइलवर चालणार नाही हे ठरलेलंच, तेव्हा घरी लॅपटॉपवर Ctrl आणि ; एकत्र दाबायचं, त्या दिवसाची तारीख कायमची बसते. बाजारात असताना हाताने लिहायची. कोडची गरजच पडली नाही.

तेव्हा कोणाला नेमका शब्द माहीत नसेल तर मी हल्ली शब्द विचारतच नाही. तीनच गोष्टी विचारतो: आत्ता काय काय लिहिलंय, त्यातून काय उत्तर यायला हवं, आणि ते कधी बदलायला हवं. स्वतः गूगलवर शोधणाऱ्यालाही हेच लागू. "एक्सेल मॅक्रो" शोधलं तर व्हीबीएच्या कोडचा ढीग समोर येतो, "नावाप्रमाणे रकमेची बेरीज" शोधलं तर SUMIF सापडतो. हत्याराचं नाव चुकू शकतं, स्वतःच्या कामाचं वर्णन सहसा चुकत नाही.

मामांची शीट दोन हंगाम चालू आहे, पडताळ्याची चौकट शून्यावर. आय कॉलमच्या डोक्यावर त्यांनी ठळक अक्षरांत "मॅक्रो" लिहून ठेवलंय. आता आक्काही विचारतात, "माझा मॅक्रो किती झाला?" आणि त्यांना बरोबर उत्तर मिळतं.