उधारीचे पत्र

दुकानदार बोलताना सहज म्हणतो, "अहो, तुमचं मागचं बिल राहिलंय, जरा बघा ना." तेच पत्रात उतरताना "आपले पूर्वदेयक प्रलंबित असल्याचे विदित करण्यात येते" असे होते आणि जुन्या गिऱ्हाइकाला ती नोटीस वाटते. वास्तविक बदलायचे थोडेच असते. 'मागचं'चे 'मागचे' होते, 'राहिलंय'चे 'राहिले आहे'. 'तुमचं'च्या जागी आदराचे 'आपले' येते. 'बिल' हा रुळलेला शब्द तसाच राहतो. 'जरा' आणि 'ना' यांतले आर्जव मात्र गळू नये, ते क्रियापदाच्या 'वे'मध्ये सामावते: "आपले मागचे बिल राहिले आहे. कृपया लक्ष घालावे, ही विनंती." हे वाक्य समोरासमोर उच्चारतानाही संकोच वाटत नाही; हीच त्याची परीक्षा.