न्यूट्रलला जोडलेलं अर्थिंग

चार्जर लावला की लाल दिवा लागायचा आणि चार्जिंग सुरूच व्हायचं नाही. मुलीने नवी इलेक्ट्रिक स्कूटर आणली त्याच संध्याकाळची ही गोष्ट. माहितीपत्रकात त्या लाल दिव्याचा अर्थ सरळ दिला होता: सॉकेटला अर्थिंग नाही.

कोथरूडमधली आमची इमारत नव्वदच्या दशकातली आहे, खाली पार्किंग आणि वर चार मजले. या गाडीची बॅटरी काढून वर नेता येत नाही, म्हणून सोसायटीचं ना-हरकत पत्र घेऊन मीटर रूममधल्या आमच्या स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत साधारण २५ मीटर वायर ओढून घेतली होती. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, मीटरजवळ १६ अँपिअरचा एमसीबी. सामानात काही कमी नव्हतं. तरी दिवा लाल.

दुसऱ्या दिवशी एक वायरमन आला. त्याने सॉकेट उघडलं, हिरव्या वायरचा बोटभर तुकडा कापला आणि म्हणाला, “साहेब, दोन मिनिटांचं काम आहे. न्यूट्रल आणि अर्थिंग इथेच जोडतो, लाल दिवा जाईल. सगळीकडे असंच करतात.”

मी एका कारखान्याच्या देखभाल विभागात बरीच वर्षं काढली आहेत. त्याचा हात तिथेच थांबवला आणि त्याला चहा देऊन परत पाठवलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तो तुकडा टाकला असता तर दिवा खरोखरच हिरवा झाला असता, कारण फेज आणि अर्थच्या मध्ये पुरेसं व्होल्टेज मिळतंय का, एवढंच चार्जर पाहतो. ते अर्थिंग जमिनीतून आलंय की शेजारच्या न्यूट्रलमधून, हे त्याला कळायला मार्ग नसतो.

हा तुकडा इतका घातक का, ते नीट सांगतो. रोजच्या वापरात न्यूट्रलवर जेमतेम एखाद-दोन व्होल्ट असतात, म्हणून काही जाणवत नाही. पण मीटर रूममध्ये न्यूट्रलचा एखादा स्क्रू ढिला झाला आणि वायर सुटली, की फेजमधून आलेला करंट चार्जरमधून न्यूट्रलच्या पिनेवर येऊन अडतो. तिथून त्या हिरव्या तुकड्यावाटे तो अर्थच्या पिनेवर आणि पुढे चार्जरच्या धातूच्या कव्हरावर पोहोचतो. ज्या गाड्यांत चार्जर आतच बसवलेला असतो, तिथे तो गाडीच्या सांगाड्यावरही येऊ शकतो. गाडी रबरी टायरवर उभी असते, त्यामुळे ठिणगी नाही, आवाज नाही, एमसीबी पडत नाही. पावसात भिजलेल्या पार्किंगमध्ये ओल्या चपलांनी उभा राहून जो पहिला हात लावेल, त्याला ते कळतं. जुन्या बोर्डात फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेले असतील तर न्यूट्रल सुटण्याचीही वाट पाहावी लागत नाही. बटण दाबताक्षणी कव्हरावर थेट २३० व्होल्ट येतात.

मग माझ्या ओळखीच्या, जुन्या परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याने आधी मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल २३२ व्होल्ट. फेज-अर्थ सुमारे १७० आणि आकडा सारखा हलता. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बाजूलाच उभे होते, ते म्हणाले, “म्हणजे अर्थिंग आहे, फक्त जरा कमी आहे.” वायरमनने काही न बोलता पिशवीतून होल्डरमधला १०० वॉटचा पिवळा बल्ब काढला. त्याच्या दोन वायरी आधी फेज-न्यूट्रलला लावल्या, बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलवरची वायर अर्थवर नेली. बल्बमधली तार नुसती लालसरही झाली नाही. मल्टिमीटर चालायला जवळजवळ काहीच करंट लागत नाही, म्हणून भिंतीच्या ओलीतून झिरपलेलं व्होल्टेजही तो दाखवतो. बल्बला पेटायला सुमारे ०.४३ अँपिअर लागतो, आणि तेवढा करंट तुटलेल्या अर्थिंगमधून जातच नाही. ही चाचणी जाणकार वायरमननेच करायची, घरच्या माणसाने उघड्या वायरींशी खेळू नये. पण ती आपल्यासमोर करून दाखवा, असं सांगण्याचा हक्क आपल्याला आहे.

या बल्बलाही एक मर्यादा आहे. न्यूट्रल-अर्थ जोडून ठेवलेल्या सॉकेटवरही तो लख्खच पेटतो. तो लबाडीचा तुकडा पकडायचा तर सॉकेट उघडून डोळ्यांनी पाहणं उत्तम. दुसरी खूण अशी, की त्याच बोर्डावर इस्त्रीसारखं काही चालू करून न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मल्टिमीटर लावायचा. खरं अर्थिंग असेल तर एखाद-दोन व्होल्ट दिसतात, कारण करंट वाहताना न्यूट्रलच्या वायरीत थोडं व्होल्टेज पडतं. लोड चालू असूनही काटेकोर शून्य दिसत असेल, तर तिथेच कुठेतरी जोड दिलेला आहे असा संशय घ्यावा.

आमचं अर्थिंग कुठे तुटलं होतं? मीटर रूममधली लोखंडी पट्टी भिंतीतून बाहेर येऊन मागच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जात होती. मध्यंतरी आवारात फरशी बसवली तेव्हा तो खड्डा खाली बुजला. फरशीच्या दोन लाद्या काढल्या तर पट्टी जमिनीलगत गंजून संपलेली होती. हात लावताच तिचे पापुद्रे सुटून आले. म्हणजे सगळ्या इमारतीच्या गीझरांना, फ्रिजांना आणि वॉशिंग मशीनना कित्येक वर्षं अर्थिंग नव्हतं. गीझर बिचारा काही बोलत नाही, चार्जरने बोलून दाखवलं. सोसायटीने नवा खड्डा घेतला, सुमारे तीन मीटरचा पाइप पुरला, पट्टी बदलली आणि अर्थ टेस्टरने मोजून २ ओहमच्या आतला आकडा घेतला.

आकडा मोजण्याचा आग्रह मी धरला, त्यालाही कारण आहे. अर्थिंगचा अवरोध २० ओहम असता तरी बल्ब झकास पेटला असता आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला असता. पण फेज कव्हराला टेकला असता तर २३० भागिले २०, म्हणजे फार तर साडेअकरा अँपिअर करंट जमिनीत गेला असता. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्यात काही वावगं दिसत नाही, तो तसाच चालू राहतो आणि कव्हर धोकादायक व्होल्टेजवर राहतं. म्हणून मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवला. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तेवढा फरक पडला, की तो क्षणात बंद होतो. त्यावरचं टेस्टचं बटण मी दर महिन्याला दाबून पाहतो.

आता लोडबद्दल. चार्जर ७५० वॉटचा आहे आणि स्वतःच्या गरम होण्यात जाणारी वीज धरून सुमारे ८५० वॉट ओढतो. क्लॅम्प मीटरवर ३.८ अँपिअर दिसले. घरातला २००० वॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, म्हणजे स्कूटर त्याच्या निम्मीही नाही. लोक इथेच निर्धास्त होतात. पण गीझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, आणि स्कूटर न थांबता चार तास तेवढाच करंट घेत राहते, तेही आपण झोपलेले असताना.

याचा परिणाम आमच्याच इमारतीत पाहायला मिळाला. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी त्यांच्या स्कूटरसाठी गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला होता. मोठ्या पिनांचा प्लग, त्याला कन्व्हर्टर, आणि तो ६ अँपिअरच्या जुन्या सॉकेटमध्ये. एकदा सकाळी त्यांनी मला बोलावलं, म्हणाले जळका वास येतोय. बटण बंद करून प्लग काढला. एक पिन निळसर-काळी पडली होती, दुसरी नव्यासारखी चकचकीत. सॉकेटवरच्या त्याच भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित आत खचलं होतं. आतले पितळी चिमटे वापरून ढिले झाले होते. ढिल्या सांध्याचा अवरोध अर्धा ओहम धरला तर ३.८ अँपिअरला तिथे सुमारे ७ वॉट उष्णता तयार होते. आकडा लहान वाटतो, पण ती उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत चार तास साठत राहते. तापल्याने चिमटा आणखी सैल होतो, काजळी धरते, अवरोध वाढतो. या सगळ्यात वायरीतला करंट वाढत नाही, म्हणून एमसीबी पडायचा प्रश्नच नव्हता. काका पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते, “पण एमसीबी पडला नाही हो!”

नंतर सोसायटीच्या बैठकीत कुणी सुचवलं, की पार्किंगच्या दिव्यांच्या लाइनवरच चार पॉइंट काढावेत, खर्च वाचेल. ती लाइन दीड चौरस मिलिमीटरची, जुनी. चार स्कूटर मिळून १५ अँपिअरच्या वर जातात आणि दिवे वेगळे. शिवाय १६ अँपिअरचा एमसीबी १६ ला पडतो हा समजही चुकीचा आहे. मानकाप्रमाणे १८ अँपिअरपर्यंत तो निदान तासभर पडता कामा नये आणि २३ अँपिअरच्या आसपास पडायलाही तासभर घेऊ शकतो. तोवर वायरीचं वेष्टण शिजत असतं. मी हे बैठकीत आकड्यांसह मांडलं आणि प्रत्येकाने आपापल्या मीटरवरून वेगळी लाइन घ्यावी असं ठरलं. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीमुळे वाहन चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणीही मागता येते, दोघांनी तो मार्ग धरला.

तुमच्या इमारतीत स्कूटर येणार असेल तर गाडीच्या आधी वायरमनला बोलवा. त्याला तुमच्यासमोर बल्ब लावायला सांगा, सॉकेट उघडून न्यूट्रल-अर्थ जोडलेले नाहीत ना ते स्वतः पाहा. चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगच्या बाहेरच्या भागाला हाताची मागची बाजू लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर चार्जिंग बंद करा, आणि सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. आणि कुणी हिरव्या वायरचा तुकडा घेऊन दोन मिनिटांचं काम आहे म्हणाला, तर त्याला सॉकेटला हात लावू देऊ नका.