सरी, वरंबा आणि १.६

खामगाव-चिखली रस्त्यावरच्या उंद्रीत एका लेथवर बसून लिहिलेली टिपणे. समोर सोयाबीनच्या मळणीयंत्राचा शाफ्ट, मटेरियल ईएन-८. बेअरिंग बसते ती जागा ३५ मिमी व्यासाची आणि ६० मिमी लांब. ड्रॉइंगवर तिथे आरए १.६ लिहिले आहे, म्हणजे खडबडीतपणाची सरासरी १.६ मायक्रॉनपेक्षा जास्त नको. मिस्त्रीकाकांनी जॉब उतरवला, नख फिरवले आणि म्हणाले, "भाऊ, रेघा लागून राह्यल्या."

*

रेघा लागणारच. टूल म्हणजे फाळ. शाफ्टचा एक फेरा झाला की फाळ पुढे सरकतो, आणि किती सरकतो तो फीड. दोन सऱ्यांच्या मध्ये वरंबा उरतो. त्याची उंची दोनच गोष्टींवर ठरते: सरी किती रुंद आणि फाळाचे टोक किती गोल. सरी दुप्पट रुंद केली तर वरंबा चौपट उंच होतो. टोकाची गोलाई दुप्पट केली तर तो निम्मा होतो. कागदावर असे:

```
Rt = f² / (8 r)
Ra ≈ f² / (32 r)
```

`f` म्हणजे दर फेऱ्याचे फीड आणि `r` म्हणजे टोकाची त्रिज्या, ज्याला सगळे नोज रेडियस म्हणतात. दोन्ही मिमीमध्ये घातले की उत्तर मिमीमध्ये येते, त्याला हजाराने गुणले की मायक्रॉन. `Rt` ही तळापासून शेंड्यापर्यंतची उंची, `Ra` तिच्या साधारण चौथा हिस्सा. फीडचा वर्ग होतो म्हणून आधी फीडच्या दांडीकडे पाहायचे.

*

काकांचे फीड ०.२० होते. इन्सर्टच्या डबीवर शेवटचे दोन आकडे ०४, म्हणजे त्रिज्या ०.४ मिमी. ०८ असते तर ०.८. मग ०.०४ भागिले १२.८, म्हणजे ३.१ मायक्रॉन. मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट, तेही टूल नवेकोरे आणि मशीन थरथरत नाही असे धरून. खामगावहून मागवलेल्या मीटरवर ३.९ आले. हिशेब कागदावर पाच ओळींचा होता, तो आधी केला असता तर हा कट वाया गेला नसता. (मीही तेव्हा चहाच घेत होतो.)

*

बेअरिंगला याने काय फरक पडतो, हे काकांचे विचारणे रास्त होते. मायक्रोमीटर शेंड्यांवर टेकतो, खोबणीत उतरत नाही. इथे शेंड्याची उंची साडेबारा मायक्रॉन, दोन्ही बाजू धरून व्यासावर २५. ड्रॉइंगवर व्यासाला मिळालेली सगळी सूट १६ मायक्रॉनची, +२ ते +१८. बेअरिंग दाबून बसवताना शेंडे काही अंशी चेपतात, म्हणजे मोजलेला व्यास आणि बसल्यानंतर पकड देणारा व्यास एक नसतात. शाफ्ट मापात भरतो, आणि काही दिवसांनी बेअरिंगची आतली रिंग जागेवर फिरू लागते. मग दोष बेअरिंगवर ढकलला जातो.

*

०८ चे इन्सर्ट लावले, फीड तेच ०.२०. हिशेब १.५६. "बसलं की मंग," काका म्हणाले. १.६ च्या आत आहे खरे, पण सूत्र फक्त भूमिती सांगते. ते खालची हद्द आहे, खरा पृष्ठभाग त्याहून बरा क्वचितच निघतो. मीटरवर २.३ आले.

किती अंतर ठेवावे याला मोजमापाच्या जुन्या आयएसओ ४२८८ मध्ये एक सोयीचा आधार मिळतो: पहिलेच माप मर्यादेच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे मोजत बसायची गरज नाही. १.६ चे ७० टक्के म्हणजे १.१२. पण हे मोजलेल्या आकड्याबद्दल आहे, हिशेबातल्या नव्हे. म्हणून माझ्या मते हिशेबाचा आकडा मर्यादेच्या निम्म्यापर्यंत आणावा.

*

लेथच्या तक्त्यावर पुढची दांडी ०.१४ ची. हिशेब ०.७७, मर्यादेच्या निम्म्याहून कमी. वेळ? ४०० फेऱ्यांवर ६० मिमीला आधी ४५ सेकंद लागत होते, आता ६४. वीस सेकंदांचा सौदा.

मीटरवर १.९.

हे मात्र मला अपेक्षित नव्हते. जवळून पाहिले तर रेघा एकसारख्या नव्हत्याच, मधूनमधून ओरबाडल्यासारखे. ३५ मिमी व्यासाला ४०० फेरे म्हणजे मिनिटाला ४४ मीटर. एवढ्या मंद गतीला या पोलादाचा थर टूलच्या धारेवर चिकटतो, वाढतो, तुटतो, आणि तुटताना तुकडे जॉबवर चिकटून जातात. फाळाला चिखल चिकटल्यावर सरी जशी वेडीवाकडी येते तसे. टोकाची गोलाई मग डबीवरच्या ०.८ ची राहतच नाही. टूल काढून पाहिले तर धारेवर चमकदार गाठ होतीच.

फीड न बदलता गती १००० फेऱ्यांवर नेली, मिनिटाला ११० मीटर. मीटरवर १.१.

ओळखायची खूण सोपी आहे. रेघा नियमित असून खोल असतील तर फीड किंवा त्रिज्या तपासा. रेघा मोडलेल्या, ओरबाडलेल्या असतील तर गती आणि धार. रेघांवरून आडवी लाटांची नक्षी दिसत असेल तर जॉब किंवा टूल थरथरते आहे.

*

"मंग फीड अजून कमी करू, ०.०५," काका. हिशेबात ०.१ मायक्रॉन येतो, आरशासारखा. प्रत्यक्षात येत नाही. कारण धार स्वतः बोथट असते, तिच्या कडेलाही सूक्ष्म गोलाई असते. थर तिच्याहून पातळ झाला की टूल कापत नाही, घासते, धातू बाजूला सरकवते. पृष्ठभाग चकचकीत दिसतो आणि मीटर मात्र तेवढे खाली जात नाही. उलट बाजूने त्रिज्या १.२ करावी तर टूल शाफ्टला आडवे जास्त ढकलते आणि हा लांब बारीक शाफ्ट थरथरू लागतो. म्हणून ०.१४ आणि ०.८ वर थांबलो.

*

हाताने ग्राइंडरवर घासलेल्या टूलची त्रिज्या काकांना 'अर्ध्याच्या आसपास' वाटते. ती ०.३ निघाली तर ०.५ धरून काढलेल्या उत्तरापेक्षा खडबडीतपणा दोन-तृतीयांशाने जास्त. अशा टूलवर सूत्र उलटे वापरावे: एक तुकडा कापून मोजावा आणि त्यावरून त्रिज्येचा अंदाज काढावा.

*

पहिल्या मापाला मीटरवर कटऑफ चुकून ०.२५ राहिला होता, म्हणजे ०.२० ची सरी त्याला जवळजवळ लाट वाटते आणि आकडा सुमारे एक-तृतीयांश कमी दिसतो. ०.१३ ते ०.४ मिमी फीडला कटऑफ ०.८ हवा, आणि सुई शाफ्टच्या लांबीत चालवावी, सऱ्यांना आडवी. म्हणून ते माप मी परत घेतले. वरचे सगळे आकडे ०.८ चे आहेत.

*

ऑइल सीलची जागा मात्र नुसती टर्निंग करून सोडू नये, आकडा कितीही चांगला आला तरी. टर्निंगची सरी एक अखंड पेचच असते, आणि शाफ्ट फिरला की तो तेलाला एका दिशेला ढकलतो. त्या जागेला चाक शाफ्टच्या लांबीत न सरकवता केलेले ग्राइंडिंग लागते, आणि उंद्रीत शाफ्ट घासायचा ग्राइंडर नाही. शाफ्ट उद्या खामगावला जाईल.